तीन तारखा: निपाणीच्या एका मुलाची गेलेली नोकरी आणि अमेरिकेतला मुक्काम

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०२४ च्या जानेवारी ते मे महिन्यांतलं. घरच्यांच्या परवानगीनं लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदललेत, तारखांचा हिशोब मात्र जसाच्या तसा ठेवलाय. मुलाला मी इथं निपाणीकर म्हणतो. गाव निपाणीजवळचं, इंजिनिअरिंग बेळगावात, मग अमेरिकेत एमएस. ऑक्टोबर २०२० पासून तो एच-वन-बी व्हिसावर एका मोठ्या कंपनीत होता. बायको एच-फोरवर, म्हणजे तिचा मुक्काम नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेला. मुलगी दोन वर्षांची, तिकडंच जन्मलेली, म्हणून अमेरिकन नागरिक. गावाकडं आई-वडील आणि अर्धवट बांधून झालेलं घर. घराच्या कर्जाचा हप्ता मुलाच्या पगारातून जायचा.

माझा संबंध एवढाच की मी अकरा वर्षं तिकडं काढून परत आलो, आता टिळकवाडीत असतो, आणि निपाणीकराच्या वडिलांचा, अण्णांचा, जुना शेजारी आहे. मी वकील नाही. पण २००९ मध्ये माझीही नोकरी गेली होती, आणि त्या वेळी नोकरी संपली की मुक्कामाचा आधार त्याच दिवशी संपायचा. आज सगळे बोलतात ती, नोकरी गेल्यावरही साठ दिवसांपर्यंत तिथं राहू देणारी सवलत १७ जानेवारी २०१७ पासून नियमात आली. त्यामुळं अशा फोनला मी नाही म्हणत नाही.

काय घडलं

सोमवार, ८ जानेवारीला सकाळी पंधरा मिनिटांची व्हिडिओ मीटिंग झाली आणि निपाणीकराच्या टीममधल्या सगळ्यांची नोकरी गेली. लॅपटॉप दुपारी बंद. ईमेलवर आलेल्या पत्रात दोन तारखा होत्या: कामाचा शेवटचा दिवस ८ जानेवारी, आणि नोकरी संपण्याचा दिवस ८ मार्च. मधले साठ दिवस काम नाही, पण पगार चालू. मोठ्या प्रमाणावर कपात करताना तिथल्या मोठ्या कंपन्यांना कायद्यानं साठ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. काम न देता तेवढे दिवस पगारावर ठेवायचं हा त्यातून पडलेला पायंडा. त्यानंतर दहा आठवड्यांचा पगार एकरकमी मिळणार होता.

मला फोन आला तो संक्रांतीला, १५ तारखेला. आधी अण्णाच बोलले.

"पगार दोन महिने चालूच आहे म्हणतोय. वर आणि अडीच महिन्यांचे पैसे. म्हणजे साडेचार महिने काय भीती नाही की रे?"

सगळा घोळ या प्रश्नात आहे. पगार, नोकरी आणि मुक्कामाची परवानगी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तिन्हींचे शेवट वेगवेगळ्या दिवशी येतात. एकरकमी मिळणाऱ्या पैशांनी नोकरी एका दिवसानंही लांबत नाही. ते पैसे नोकरी संपल्याबद्दलचे आहेत, नोकरीचे नव्हेत. साठ दिवस मोजायला सुरुवात होते ती नोकरी संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. अमेरिकन इमिग्रेशन खात्याच्या म्हणण्याप्रमाणे नोकरी संपल्याचा दिवस सहसा ज्या दिवसापर्यंत पगार दिला गेला त्यावरून ठरतो. या हिशोबानं निपाणीकराचा पहिला दिवस ९ मार्च आणि साठावा ७ मे.

"सहसा" हा शब्द मात्र वकिलांना खुपतो. काम बंद आणि पगार चालू अशा काळात माणूस खरोखर "नोकरीत" असतो का, याचं पक्कं उत्तर नियमात नाही. सावध वकील कामाच्या शेवटच्या दिवसापासून मोजतात. तसं धरलं तर साठ दिवस ९ जानेवारीला सुरू होऊन ८ मार्चलाच संपतात. म्हणजे ज्या दिवशी पगार थांबणार त्याच दिवशी मुदतही संपणार.

तिसरी तारीख

मी त्याला आय-९४ काढायला सांगितलं. तो म्हणाला, "काका, व्हिसा सप्टेंबर २०२६ पर्यंत आहे. मंजुरीच्या कागदावरही तेच आहे." मी म्हटलं, तरी काढ.

व्हिसाचा शिक्का म्हणजे दारात यायची परवानगी. मंजुरीचा कागद, आय-७९७, म्हणजे कंपनीला तुला कामावर ठेवायची परवानगी. आणि तू देशात किती दिवस राहू शकतोस हे सांगतो तो आय-९४. विमानतळावरचा अधिकारी प्रत्येक प्रवेशाच्या वेळी तो नव्यानं देतो. हल्ली कागद हातात मिळत नाही, तो i94.cbp.dhs.gov वर स्वतः बघावा लागतो. म्हणून कुणी बघत नाही.

त्यानं बघितला. पाच मिनिटांनी व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट आला, सोबत एक शब्द नाही. तारीख होती २२ एप्रिल २०२४.

कारण साधं होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो बहिणीच्या लग्नाला आला होता. त्याचा पासपोर्ट २२ एप्रिल २०२४ ला संपणार होता. लग्नघर, तीन आठवड्यांची रजा, त्यातच व्हिसाच्या शिक्क्यासाठी हैदराबादची फेरी. पासपोर्टचं काम तिकडं जाऊन कॉन्सुलेटमधून करू असं ठरलं. डिसेंबरच्या सुरुवातीला परत शिरताना अधिकाऱ्यानं मुक्काम पासपोर्टच्या मुदतीपर्यंतच दिला. हे चूक म्हणून दुरुस्त करून मिळत नाही. त्यांच्या लेखी ती चूकच नाही. नंतर त्यानं पासपोर्ट नवा केलाही, पण नवा पासपोर्ट आला म्हणून आय-९४ आपोआप वाढत नाही.

साठ दिवसांच्या नियमात एक शेपूट आहे: साठ दिवस किंवा मंजूर मुक्काम संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. म्हणून ७ मे बाद. त्याच्याकडं साठ नव्हे, पंचेचाळीस दिवस होते.

नोकरी गेली नसती तर तो ही तारीख बघणारच नव्हता. २२ एप्रिल उलटून गेली असती, आणि हा माणूस बिनघोर ऑफिसला जात-येत बेकायदा मुक्कामी झाला असता.

बायकोचा आय-९४ सप्टेंबर २०२६ पर्यंतचा, कारण तिच्या पासपोर्टची मुदत लांब होती. ती म्हणाली, "मग मी तरी सुरक्षित आहे." तसं नाही. एच-फोरचा दर्जा नवऱ्याच्या दर्जावर उभा असतो. त्याचा गेला की तिच्या कागदावरची लांबची तारीख तिला वाचवत नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय नवी कंपनी. एच-वन-बीवाल्याला पुन्हा लॉटरीत जावं लागत नाही. नवी कंपनी त्याच्यासाठी आय-१२९ अर्ज करते, आणि तो मुदतीच्या आत खात्याकडं पोचला की मंजुरीची वाट न बघता काम सुरू करता येतं. पण त्याआधी कामगार खात्याकडून एलसीए नावाचा वेतनाचा दाखला लागतो आणि त्याला सात कामाचे दिवस जातात. त्यामुळं नोकरीची ऑफर मुदतीच्या निदान तीन आठवडे आधी हातात हवी.

दुसरा पर्याय बी-टू, म्हणजे पाहुण्याचा दर्जा मागायचा, आय-५३९ अर्जानं. मुदतीच्या आत भरला तर निकाल लागेपर्यंत मुक्काम बेकायदा धरला जात नाही. लोक याला "वेळ विकत घेणं" म्हणतात, पण किंमत नीट समजून घेत नाहीत. अर्ज प्रलंबित असताना काम करता येत नाही. मूळ मुदत संपल्यावर नवी कंपनी मिळाली तर फक्त अर्ज पोचल्यावर काम सुरू करता येत नाही, मंजुरी लागते, आणि ती मिळतानाही "बाहेर जाऊन परत या" असं सांगितलं जाऊ शकतं.

तिसरा पर्याय परत यायचं. यात वाटतं तेवढं नुकसान नव्हतं. मुदतीआधी नोकरी संपवणाऱ्या कंपनीला एच-वन-बीवाल्याच्या परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च द्यावा लागतो (फक्त त्याचा, बायको-मुलीचा नाही). एच-वन-बीच्या सहा वर्षांच्या मर्यादेतली उरलेली अडीच वर्षंही शिल्लक राहतात, ती नंतर दुसऱ्या कंपनीमार्फत लॉटरीशिवाय वापरता येतात. अडचण मुलीची होती. ती अमेरिकन नागरिक, तिचा पासपोर्ट काढलेला, पण ओसीआय कार्ड नव्हतं. भारतात यायला तिलाच व्हिसा लागणार.

चौथा पर्याय निघाला घरातून. निपाणीकराच्या मावसभावाची उद्यमबागेत फाउंड्री आहे. तो म्हणाला, "आमच्या स्टॉकचं आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर कधीचं करायचंय. तिथं बसून कर, पैसे इथल्या खात्यावर टाकतो. डॉलरचा संबंधच नाही." सगळ्यांना पटलं. मलाही क्षणभर बरं वाटलं, खरं सांगतो.

पण हा पर्याय सगळ्यांत घातक होता. इमिग्रेशनच्या नजरेत पैसे कुठल्या खात्यात पडले यापेक्षा काम करणारा कुठं बसला होता याला वजन आहे. अमेरिकेत बसून केलेलं काम भारतीय कंपनीसाठी असलं तरी विनापरवाना ठरण्याचा धोका असतो. आणि नव्या कंपनीत अर्ज पोचताच काम सुरू करण्याची जी मुभा आहे, तिची एक अटच अशी आहे की शेवटच्या कायदेशीर प्रवेशानंतर विनापरवाना काम केलेलं नसावं. महिन्याच्या चाळीस-पन्नास हजार रुपयांसाठी पहिला पर्यायच कापला गेला असता. मावसभाऊ थोडा रुसला. सॉफ्टवेअर नंतर बेळगावातल्याच एका पोरानं करून दिलं.

निर्णयाचे क्षण

पहिला क्षण ८ मार्चचा. सावध हिशोबानं मुदत त्या दिवशी संपत होती. दोन वकिलांना विचारलं. एकानं सांगितलं, बी-टू आत्ता भरा, वाद नको. दुसरा म्हणाला, पगाराच्या स्लिपा ८ मार्चपर्यंतच्या आहेत, कंपनीच्या पत्रात नोकरी संपण्याची तारीख स्पष्ट आहे. अजून नोकरीत असलेल्या माणसानं पाहुण्याचा दर्जा मागायचा म्हणजे आपण नोकरीत नव्हतो असं स्वतःच लिहून देण्यासारखं आहे. निपाणीकरानं दुसऱ्याचं ऐकलं. मी पहिल्याच्या बाजूनं होतो. दुसऱ्याचं म्हणणं तर्काला धरून होतं हे मला आज मान्य आहे, पण नव्या कंपनीच्या अर्जावर खात्यानं कामाच्या शेवटच्या दिवसाचा प्रश्न काढलाच असता, तर उत्तर देता येण्यापलीकडं हातात काही नव्हतं.

एक काम मात्र आम्ही आधीच उरकलं. बी-टूचा अर्ज नवरा-बायको दोघांचा मिळून करायचा, तर नात्याचा पुरावा लागतो. त्यांचा विवाह नोंदणीचा दाखला सब-रजिस्ट्रार ऑफिसचा, कन्नडमध्ये. मुलाला कन्नड बोलता येतं, वाचता जेमतेम. सुनेचं माहेर गडहिंग्लजचं, तिला तेही नाही. इंग्रजी नसलेल्या प्रत्येक कागदाबरोबर पूर्ण इंग्रजी भाषांतर द्यावं लागतं, आणि भाषांतर करणाऱ्यानं ते पूर्ण व अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात असं सही करून लिहावं लागतं. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त कन्नड शिक्षकांनी ते करून दिलं. गोल शिक्क्यातली पुसट अक्षरं वाचायला त्यांनी भिंग काढलं, आणि मागच्या बाजूची हातानं लिहिलेली ओळही सोडली नाही. दाखल्यावर सुनेचं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. त्यासाठी वेगळं शपथपत्र केलं. फेब्रुवारीतच हे झालं म्हणून एप्रिलमध्ये धावपळ झाली नाही.

दुसरा क्षण एप्रिलमध्ये आला. २१ मार्चला एका मध्यम आकाराच्या कंपनीनं ऑफर दिली. २६ मार्चला एलसीए भरला. ४ एप्रिलला तो नामंजूर होऊन आला, कारण ही कंपनी पहिल्यांदाच कुणासाठी एच-वन-बी करत होती आणि तिचा फेडरल टॅक्स नंबर कामगार खात्याच्या नोंदीत जुळत नव्हता. कंपनी खरी, धंदा खरा, पण खात्यानं तिला कधी पाहिलेलंच नाही. कागदपत्रं पाठवून नंबर जुळवून घेईपर्यंत ८ तारीख उजाडली. त्या दिवशी पुन्हा भरलेल्या एलसीएचे सात कामाचे दिवस संपणार होते १७ एप्रिलला. मुदत २२ ची. मधे शनिवार-रविवार.

त्या आठवड्यात निपाणीकर रोज रात्री, म्हणजे त्याच्या सकाळी, फोन करायचा. बोलायला नवीन काही नसायचं. ९ तारखेला पाडवा होता. अण्णांनी गुढी उभारली आणि मला एवढंच विचारलं, "सतरा तारखेला कागद नाही आला तर?"

तर काय, याचं उत्तर म्हणून ११ एप्रिलला बी-टूचा अर्ज भरला. या वेळी दोन्ही वकील एकमतानं म्हणाले, भरा. नोकरी संपून महिना झाला होता, आय-९४ संपायला अकरा दिवस होते, आणि नव्या कंपनीचा अर्ज वेळेत पोचला नाही तर दुसरं कवच नव्हतं.

पुढं काय झालं

एलसीए १७ ला आला. आणखी एक खड्डा होता, तो वकिलाच्या ऑफिसनं वेळीच पाहिला. १ एप्रिल २०२४ पासून आय-१२९ ची नवी आवृत्ती सक्तीची झाली होती, शुल्कं बदलली होती आणि अर्ज पाठवायचा पत्ताही बदलला होता. मार्चमध्ये तयार करून ठेवलेला फॉर्म जुना होता. तो तसाच गेला असता तर परत आला असता, आणि परत आलेला अर्ज पोचला असं धरलं जात नाही. १८ ला नव्या फॉर्मवर सह्या, त्याच दिवशी कुरिअर, शुक्रवारी १९ ला पोच. मुदतीच्या तीन दिवस आधी, त्यातले दोन सुटीचे.

पोचपावती हातात आल्यावर २९ एप्रिलला तो कामावर रुजू झाला. जादा शुल्क भरून तातडीची तपासणी मागितली होती. ८ मे रोजी मंजुरी आली, नव्या आय-९४ सकट, सप्टेंबर २०२६ पर्यंतची. सुनेचा आय-९४ आधीच तिथपर्यंतचा होता, नवऱ्याचा दर्जा टिकल्यामुळं तिला वेगळा अर्ज करावा लागला नाही.

बी-टूचा अर्ज मात्र तसाच पडून होता, आणि तो विसरून चालत नाही. एकाच माणसाचे दोन अर्ज मंजूर झाले तर सहसा शेवटी झालेली मंजुरी लागू होते. एच-वन-बी मे महिन्यात मंजूर, आणि बी-टू समजा ऑगस्टमध्ये मंजूर, तर नोकरी करणारा माणूस कागदावर पाहुणा होऊन बसतो. म्हणून मंजुरी आल्याच्या आठवड्यातच तो अर्ज मागं घेतला आणि मागं घेतल्याची पोच जपून ठेवली.

९ मार्च ते २८ एप्रिल पगार नव्हता. घराच्या कर्जाचे दोन हप्ते त्या एकरकमी पैशातून गेले. प्लॅस्टरचं काम पावसाळ्यानंतर झालं.

काय वेगळं करता आलं असतं

आठवडा वाया गेला. ८ ते १५ जानेवारी निपाणीकर रेझ्युमे पाठवत बसला होता; आय-९४ आणि पत्रातल्या दोन तारखा पहिल्याच संध्याकाळी समोर ठेवायला हव्या होत्या. कंपनीबरोबर बोलणी करायची संधीही त्याच आठवड्यात होती. दहा आठवड्यांचे पैसे एकरकमी देण्याऐवजी तेवढा काळ पगारावरच ठेवा, असं काही कंपन्या विनंतीवरून मान्य करतात. पैसे तेवढेच, नोकरी संपण्याची तारीख पुढं. निपाणीकराला २२ एप्रिलमुळं याचा फायदा अर्धाच झाला असता, पण ज्याचा आय-९४ लांबचा आहे त्याला हे दहा आठवडे सोन्यासारखे आहेत. त्यानं विचारलंच नाही. सही करून टाकली, कारण सही लवकर केली तर पैसे लवकर मिळतील असं त्याला वाटलं.

नव्या कंपनीचा टॅक्स नंबर कामगार खात्यात आधी जुळवून घ्यायचा, हे ऑफरच्या दिवशी विचारायचं होतं. "याआधी कुणासाठी एच-वन-बी केलाय का?" एवढाच प्रश्न. उत्तर नाही असेल तर एलसीएच्या आधी आणखी आठवडा धरायचा. आम्ही तिघांपैकी कुणालाच हे सुचलं नाही, आणि वकिलालाही नाही.

पासपोर्टचं सांगायचं तर, मुदत वर्षाच्या आत आली असेल तर नवा करूनच विमानात बसायचं. लग्न असो नाहीतर जत्रा.

परतीच्या पर्यायाचं गणित मात्र त्यानंतर बदललं. २१ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेनं, ज्याच्याकडं चालू व्हिसा नाही अशा अमेरिकेबाहेरच्या माणसासाठी नवा एच-वन-बी अर्ज करणाऱ्या कंपनीवर एक लाख डॉलर भरण्याची अट घातली. घोषणेची मुदत बारा महिन्यांची होती. देशात राहून मुदतवाढ किंवा दर्जाबदल मागणाऱ्याला ती रक्कम लागू नाही, असं खात्यानं २० ऑक्टोबरला स्पष्ट केलं. पण त्याला जोडूनच म्हटलं, की माणूस मुदतवाढीला पात्र नाही असं ठरलं, म्हणजे त्यानं मधे दर्जा गमावला असेल, तर ती लागू होईल. निपाणीकराचं प्रकरण या नियमाखाली घडलं असतं आणि कुरिअर १९ ऐवजी २३ एप्रिलला पोचलं असतं, तर त्या मध्यम कंपनीनं त्याच्यासाठी एक लाख डॉलर मोजले असते असं मला वाटत नाही. मी तेव्हा अण्णांना सांगितलं होतं, "फार तर परत येईल, वर्षभरानं पुन्हा जाईल." तसा फोन आज आला तर हे वाक्य मी बोलणार नाही.